मध्यम चंद्र आणि चंद्राची पाठ

पंचांगाचे गणित करणाऱ्याला चंद्राच्या दोन गती सांभाळाव्या लागतात. पहिली मध्यम गती, दिवसाला 13 अंश 10 कला 35 विकला. ती रोज तीच असते. दुसरी स्पष्ट गती, म्हणजे चंद्र आकाशात प्रत्यक्ष जेवढा पुढे सरकतो ती. ही रोज बदलते. कधी 15 अंशांच्या वर जाते, कधी 12 अंशांच्या खाली उतरते. मध्यम गतीने चालणारा चंद्र आकाशात कुठे नसतोच, तो गणिताच्या सोयीसाठी मानलेला असतो, असे ज्योतिर्गणितावरच्या पुस्तकांत सांगितलेले असते.

ते विधान चंद्राच्या भ्रमणापुरते बरोबर आहे. पण मध्यम गती आकाशात प्रत्यक्ष आहे आणि ती साध्या दुर्बिणीने पाहताही येते. चंद्र स्वतःच्या आसाभोवती बरोबर याच गतीने फिरतो, दिवसाला 13 अंश 10 कला 35 विकला. पृथ्वीभोवतीची त्याची चाल कमीजास्त होते, स्वतःभोवतीची होत नाही. चंद्र आपल्याला नेहमी एकच बाजू का दाखवतो, या प्रश्नाचे उत्तर या दोन गतींच्या नात्यात आहे. मी त्या प्रश्नाकडे पंचांगाच्या वाटेनेच आलो, म्हणून इथेही त्याच वाटेने जातो.

आधी एक नेहमीची शंका. एकच बाजू दिसते याचा अर्थ चंद्र स्वतःभोवती फिरतच नाही, असे पुष्कळांना वाटते. कुठेही या विषयावर बोललो की श्रोत्यांतून हा प्रश्न येतोच, आणि विचारणारे बहुधा विचार करणारे लोक असतात. त्यांना मी देवळातली प्रदक्षिणा आठवायला सांगतो. आपण देवाला उजव्या हाताला ठेवून चालतो. पूर्ण फेरीत देवाला आपला उजवा खांदाच दिसतो, डावा एकदाही दिसत नाही. पण आपले तोंड फेरी सुरू करताना उत्तरेला असेल, तर पुढे ते पूर्वेला, मग दक्षिणेला, मग पश्चिमेला आणि शेवटी पुन्हा उत्तरेला होते. म्हणजे देवाभोवती एक फेरी घालताना आपण स्वतःभोवतीही एक फेरी पूर्ण केली. आता उलट करून पाहा. तोंड सतत उत्तरेलाच ठेवायचे आणि तसेच आडवे, मागे, पुढे सरकत देवाभोवती जायचे. त्या फेरीत देवाला आपला उजवा खांदा, छाती, डावा खांदा, पाठ सगळे दिसेल. एकच बाजू दिसायची असेल तर स्वतःभोवती फिरावेच लागते, आणि तेही फेरीच्या बरोबरीने. (चंद्राची फेरी उत्तरेकडून पाहता प्रदक्षिणेच्या उलट दिशेने असते, पण मुद्द्याला त्याने बाध येत नाही.)

यावर एक हुशार प्रतिवाद असतो. प्रदक्षिणेतले ते वळणे हे वेगळे फिरणे कशाला मानायचे? काठीच्या टोकाला नारळ घट्ट बांधून काठी फिरवली तर नारळही असाच फिरेल. ती एकच गती झाली, दोन नव्हेत. हा प्रतिवाद शब्दांनी खोडता येत नाही, निरीक्षणाने खोडता येतो. चंद्र अदृश्य काठीला बांधलेला असता, तर त्याच्या चेहऱ्यावरचे डाग कडेपासून नेहमी सारख्याच अंतरावर राहिले असते. ते तसे राहत नाहीत.

चंद्राची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे. जवळच्या टोकाला, म्हणजे उपभूपाशी, तो सुमारे 3 लाख 63 हजार किलोमीटरवर असतो आणि लांबच्या टोकाला, अपभूपाशी, सुमारे 4 लाख 5 हजारांवर. जवळ असताना तो वेगाने जातो, लांब असताना रेंगाळतो. पण स्वतःभोवतीच्या फिरण्याला या जवळ-लांबचे काही सोयरसुतक नाही. पाव हिश्श्याचे उदाहरण घेऊ. उपभूपासून निघून पावणेसात-सात दिवस गेले, म्हणजे महिन्याचा चौथा भाग झाला. चंद्र स्वतःभोवती बरोबर 90 अंश फिरला. कक्षेत मात्र तो वेगाच्या भागातून आला, म्हणून 96 अंश पुढे गेला. सहा अंशांची तफावत पडली. तेवढ्या तफावतीने त्याचा चेहरा आपल्यापासून किंचित वळलेला दिसतो आणि एका कडेपलीकडचा थोडा प्रदेश डोकावतो. पुढच्या पंधरवड्यात हे उलटते आणि अपभूनंतर आठवड्याने दुसऱ्या कडेपलीकडचे दिसू लागते. नकार देताना माणूस मान जशी हळूच डावी-उजवीकडे हलवतो, तसा चंद्र महिनाभर डोलत असतो. याला लायब्रेशन म्हणतात.

पंचांग जाणणाऱ्याच्या लक्षात आले असेल की ही तफावत त्याच्या ओळखीची आहे. स्पष्ट चंद्र उणे मध्यम चंद्र, म्हणजेच मंदफल. सूर्यसिद्धान्तात चंद्राचे परम मंदफल 5 अंशांच्या जरा वर दिले आहे. आधुनिक गणितात लंबवर्तुळामुळे येणारा फरक सव्वासहा अंशांचा आहे. मग जुने ग्रंथ सव्वा अंशाने चुकले का? तसे नाही. सूर्याच्या ओढीमुळे चंद्राच्या चालीत आणखी एक फेरफार होतो आणि तो अमावास्या-पौर्णिमेला मंदफलातून सुमारे सव्वा अंश वजा करतो, तर अष्टमीच्या सुमारास तेवढाच वाढवतो. जुन्यांचे मोजमाप मुख्यतः ग्रहणांवर बेतलेले, आणि ग्रहणे अमावास्या-पौर्णिमेलाच होतात. त्यांना 5 अंश मिळाले ते त्यांच्या निरीक्षणांशी प्रामाणिकच होते. आपल्याकडे या दुसऱ्या फेरफाराची दुरुस्ती दहाव्या शतकातल्या मुंजालाच्या ‘लघुमानसा’त येते.

आता हे डोळ्यांनी कसे पाहायचे ते सांगतो. चंद्र डोक्यावर असताना दक्षिणेकडे तोंड करून पाहिले तर त्याच्या उजव्या कडेजवळ, जरा वरच्या बाजूला, एक सुटा काळसर अंडाकृती डाग दिसतो. त्याचे नाव मारे क्रिसियम. इतर डाग एकमेकांत मिसळलेले आहेत, हा एकटा आहे, म्हणून ओळखायला सोपा. हा डाग आणि चंद्राची कड यांच्यामध्ये उजळ जमिनीची एक पट्टी असते. त्या पट्टीवर लक्ष ठेवायचे.

उपभू कधी, हे पंचांगातूनच काढता येते. नक्षत्राची लांबी ठरलेली आहे, 13 अंश 20 कला. चंद्र ते ओलांडायला सरासरी एका दिवसाहून थोडा जास्त वेळ घेतो. नक्षत्र संपण्याच्या लागोपाठच्या वेळा पाहा. एखादे नक्षत्र 21–22 तासांत संपत असेल तर चंद्र उपभूजवळ आहे. 26–27 तास घेत असेल तर अपभूजवळ आहे. उपभूनंतर साधारण सात दिवसांनी पौर्णिमा येत असेल, तर त्या पौर्णिमेला चंद्राचा उजवा, क्रिसियमकडचा भाग आपल्याकडे वळलेला असतो. तेव्हा डाग कडेपासून सुटून आत आलेला दिसतो आणि मधली उजळ पट्टी डागाच्या रुंदीच्या निम्मी भरते. त्यानंतर सात पौर्णिमा मोजा. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा आणि उपभू ते उपभू साडेसत्तावीस दिवसांचा, त्यामुळे सात चांद्रमासांत उपभूच्या साडेसात फेऱ्या होतात, आणि त्या सातव्या पौर्णिमेला चंद्र अपभूनंतर आठवड्यावर येतो. त्या रात्री तोच डाग कडेला चिकटल्यासारखा, बारीक आणि उभट दिसेल. पट्टी आता डागाच्या रुंदीच्या जेमतेम पाव असेल. डाग स्वतःच अरुंद झालेला असतो, म्हणून पट्टीची प्रत्यक्ष रुंदी अडीचपटींहून जास्त घटलेली असते. साधी दहा पट मोठे दाखवणारी दुर्बीण आणि काढलेले दोन फोटो एवढ्यात हे दिसते. सिद्धान्तग्रंथांतले 5 अंशांचे मंदफल असे चंद्राच्या चेहऱ्यावर मोजता येते.

दोन ठिकाणी फसायला होते. पहिले, उगवता आणि मावळता चंद्र यांची तुलना करू नये. उगवताना क्रिसियम वरच्या अंगाला दिसते आणि मावळताना खालच्या. ते चंद्राचे वळणे नव्हे, आपल्या आकाशाचे फिरणे आहे. डागाची जागा वर-खाली पाहायची नाही, कडेपासूनचे अंतरच पाहायचे. दुसरे, चंद्राचा आस कक्षेच्या प्रतलाला बरोबर लंब नाही, सुमारे पावणेसात अंशांनी कललेला आहे. त्यामुळे चंद्र होकारार्थी मानही हलवतो आणि कधी उत्तर ध्रुवापलीकडचे, कधी दक्षिण ध्रुवापलीकडचे थोडे दाखवतो. क्रिसियमच्या जागेत त्याचाही अंश मिसळतो. या सगळ्या डोलण्यामुळे पृथ्वीवरून चंद्राचा निम्मा नव्हे, 59 टक्के भाग आळीपाळीने पाहता येतो. उरलेला 41 टक्के कधीच दिसत नाही.

कडेजवळच्या डागांची ही हालचाल प्रथम गॅलिलिओने टिपली, तीही आयुष्याच्या शेवटी, दृष्टी जाण्याच्या थोडे आधी. 1693 मध्ये कॅसिनीने नियम मांडला की चंद्र स्वतःभोवती एकसमान गतीने फिरतो आणि त्या फिरण्याचा काळ परिभ्रमणाच्या काळाएवढाच असतो. पण हा काळ एवढाच का, याचे उत्तर त्यात नव्हते.

योगायोग असेल, असे म्हणून पाहू. दोन काळांत महिन्याला फक्त एका मिनिटाचा फरक आहे असे धरा. चंद्राचा फेरीचा काळ 27.32 दिवस, म्हणजे 39 हजारांहून काही अधिक मिनिटे. तेव्हा चेहरा पूर्ण उलटा व्हायला त्याच्या निम्म्या, म्हणजे साडेएकोणीस हजारांहून जास्त फेऱ्या लागतील. त्यांची वर्षे होतात जवळजवळ दीड हजार. म्हणजे आर्यभटाने इ.स. 499 च्या सुमारास वर पाहिले तेव्हा त्याला चंद्राची आज न दिसणारी पाठ दिसली असती. पण चंद्रावरच्या सशावरून पडलेला ‘शशी’ हा शब्द आर्यभटाहून जुना आहे आणि ससा अजून तिथेच आहे. योगायोगाला एका मिनिटाचीही सूट मिळत नाही. काहीतरी या दोन गतींना बांधून ठेवते आहे.

बांधणारी गोष्ट म्हणजे भरती. चंद्र आपल्या समुद्राला भरती आणतो हे शाळेत शिकतो. त्याच न्यायाने पृथ्वीही चंद्राला भरती आणते, आणि पृथ्वीचे वस्तुमान चंद्राच्या 81 पट असल्याने ती जबर असते. चंद्रावर समुद्र नाही, म्हणून ही भरती खडकाला येते. पृथ्वीकडची बाजू जास्त ओढली जाते, पलीकडची कमी, आणि चंद्र पृथ्वीच्या दिशेने दोन्ही टोकांना किंचित लांबट होतो.

आरंभीचा चंद्र आजच्या मानाने खूप जवळ, तापलेला आणि मऊ होता, आणि तो आताहून वेगाने फिरत होता असे धरू. भरतीचा फुगवटा पृथ्वीच्या रोखाने उठतो, पण खडक लगेच उठत नाही आणि लगेच बसतही नाही. तो बसेपर्यंत चंद्र थोडा पुढे फिरलेला असतो. त्यामुळे फुगवटा पृथ्वीच्या रेषेच्या जरा पुढे नेला जातो. आता पृथ्वी या जवळच्या फुगवट्याला मागे खेचते. पलीकडच्या फुगवट्यालाही ती ओढते आणि ती ओढ फिरण्याला मदत करते, पण तो लांब आहे म्हणून ती कमी पडते. निव्वळ परिणाम ब्रेकचा. चाकाला ब्रेक लावल्यावर जशी उष्णता निर्माण होते, तशीच चंद्राच्या फिरण्यातली ऊर्जा खडकांच्या घर्षणात उष्णता होऊन जाते.

हा ब्रेक अंतरावर विलक्षण अवलंबून आहे. अंतर निम्मे केले तर त्याचा जोर दुप्पट-चौपट नव्हे, 64 पट होतो. म्हणून चंद्र जवळ होता तेव्हाच, त्याच्या आयुष्याच्या अगदी सुरुवातीला, हे काम उरकले असले पाहिजे.

ब्रेक थांबला कुठे, हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग. फिरण्याचा काळ परिभ्रमणाएवढा झाला, तशी फुगवट्याला पुढे नेणारी गोष्टच संपली. तो पृथ्वीच्या रोखाने स्थिर झाला. याहून मंद झाला असता तर फुगवटा रेषेच्या मागे राहिला असता आणि पृथ्वीने त्याला पुढे खेचून वेग वाढवला असता. दोन्ही बाजूंनी ढकलून आणणारी ही जागा आहे, वाटीच्या तळासारखी. याला टायडल लॉकिंग म्हणतात.

पुढे चंद्र थंड आणि कडक झाला, तेव्हा त्याचा लांबटपणा काही अंशी तसाच गोठून राहिला. हा गोठलेला आकार आजच्या अंतरावरच्या भरतीने होईल त्याहून बराच जास्त आहे, म्हणजे तो जुन्या काळाची खूण आहे. आता चंद्राला धरून ठेवायला मुख्यतः हाच उपयोगी पडतो. चंद्राचा लांबट अक्ष पृथ्वीच्या रेषेतून जरा ढळला तर पृथ्वी त्याला लोलकासारखा परत आणते. लाग्रांजने हेच गणिताने मांडले आणि 1764 मध्ये त्या निबंधाला पॅरिसच्या अकादमीचे पारितोषिक मिळाले. दोन गती नेमक्या सारख्या कशा, या कोड्याचा उलगडा त्यात होता. सुरुवातीला त्या फक्त जवळपास सारख्या असल्या तरी पुरते, उरलेले काम पृथ्वीची ओढ करते.

ती अजूनही करते आहे, हे दाखवता येते. अपोलो 11, 14 आणि 15 च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर मारून अंतर मोजतात. त्यातून दिसते की चंद्र वर्षाला सुमारे 3.8 सेंटिमीटरने लांब जातो आहे. लांब गेला की त्याचा महिना लांबतो. फिरणे जुन्याच वेगाने राहिले असते तर बांधलेपण सुटून गेले असते. पण महिना लांबतो तसे पृथ्वी त्याचे फिरणेही तेवढेच मंद करत नेते. आणि हे लेसर-मापन शक्य होते तेही परावर्तकांची बाजू कायम आपल्याकडे असल्यामुळेच.

या कारणमीमांसेची मर्यादाही सांगायला हवी. एकच बाजू पृथ्वीकडे का, याचे उत्तर त्यातून मिळते. हीच बाजू का, याचे मिळत नाही. लांबट चंद्र उलटा, म्हणजे पाठ आपल्याकडे करूनही तितकाच स्थिर राहिला असता. शिवाय भरती दरवेळी एकास एक असाच बंध घालते असेही नाही. बुध सूर्याला एकच बाजू दाखवतो असे 1965 पर्यंत पुस्तकांत छापलेले असे. त्या वर्षी अरेसिबोच्या रडारने मोजले तेव्हा बुध सुमारे 59 दिवसांत स्वतःभोवती फिरतो असे निघाले, आणि सूर्याभोवती तो 88 दिवसांत जातो. सूर्याभोवती दोन फेऱ्या होईपर्यंत स्वतःभोवती तीन. बुधाची कक्षा चंद्राच्या कक्षेपेक्षा खूपच जास्त लांबट आहे. सूर्याजवळून जाताना तो इतका वेगात असतो की त्या टप्प्यापुरते जुळवून घेणे हाच त्याच्यासाठी वाटीचा तळ ठरला. चंद्राची कक्षा तेवढी लांबट असती तर त्याचेही कदाचित असेच झाले असते आणि आपल्या वाट्याला दोन्ही बाजू आल्या असत्या.

ती दुसरी बाजू माणसाने प्रथम पाहिली 1959 मध्ये. सोव्हिएत लूना-3 यानाने 7 ऑक्टोबरला तिचे फोटो घेतले आणि तिथे आपल्या बाजूसारखे मोठे काळे डाग जवळपास नाहीतच असे दिसले. तिला ‘काळोखी बाजू’ म्हणण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही. चंद्र सूर्याला बांधलेला नाही, पृथ्वीला बांधलेला आहे. त्यामुळे ऊन त्याच्या सगळ्या अंगावर पाळीपाळीने पडते, साधारण पंधरवडाभर दिवस आणि पंधरवडाभर रात्र. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला आपण पणत्या लावतो तेव्हा चंद्राची आपल्याकडची बाजू अंधारात असते आणि पाठीवर मध्यभागी भर दुपार असते.

आपला विक्रम लँडर 23 ऑगस्ट 2023 रोजी उतरला तो आपल्याकडच्याच बाजूवर, दक्षिणेकडे सुमारे 69 अंश अक्षांशावर. तिथून पृथ्वी उगवत नाही आणि मावळतही नाही. उत्तरेच्या अंगाला क्षितिजावर सुमारे 17 अंशांवर ती कायम टांगलेली असते. म्हणून त्याला थेट पृथ्वीशी बोलता आले. चीनच्या छांग’अ-4 ला, जे जानेवारी 2019 मध्ये पाठीवर उतरले, चंद्रापलीकडे वेगळा उपग्रह ठेवून त्याच्यामार्फत संदेश पाठवावे लागले. विक्रमच्या आकाशातली ती पृथ्वी मात्र पूर्ण स्थिर नसते. महिन्याभरात ती क्षितिजापासून साधारण 10 ते 25 अंशांच्या मध्ये वर-खाली होते आणि डावी-उजवीकडेही काही अंश सरकते. आपल्याला क्रिसियमच्या कडेशी दिसते तेच डोलणे तिथून पृथ्वीचे दिसते.